मायच्या पाटल्या : अडीच मिनिटांच्या बोलण्यामागचे पाच महिने

१८ मे २०२५ ला माझ्या लेकीचं लग्न झालं. त्या दिवशी मांडवात मी अडीच मिनिटं बोललो आणि माझ्या मायच्या पाटल्या लेकीच्या हातात घातल्या. त्याची सुरुवात डिसेंबरात झाली होती. मध्ये बँक होती, बॉण्ड होते, दोन बहिणी होत्या आणि चार पानी भाषण होतं, ते कापून एका पानावर आणलं. घरातल्या गेलेल्या माणसाचा दागिना लेकीला द्यायचा असेल, तर कुठं अडकायला होतं ते कळावं म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. १५ डिसेंबर २०२४ ला साखरपुडा झाला. रात्री सगळे निजल्यावर लेक स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, माह्यासाठी नवं सोनं करू नका. आजीच्या पाटल्या द्या." मी हो म्हटलं. पाटल्या घरात नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं.

मायनं त्या जून २०२२ मध्ये पेरणीसाठी बँकेत सोनेतारणाला ठेवल्या होत्या, ९०,००० रुपयांना. कर्ज तिच्याच नावावर होतं. नोव्हेंबरात ऐन वेचणीत ती गेली. नंतर दोन वर्षं मी नुसतं व्याज भरत राहिलो. खात्यात पैसे भरायला कोणीच अडवत नव्हतं, म्हणून वाटलं की सोडवायच्या वेळी पूर्ण रक्कम भरली की झालं. इथंच माझी चूक झाली. कर्जदार मरण पावला की पैसे कोणाचेही चालतात, पण दागिना वारसांच्याच हाती देतात, आणि वारस कोण ते कागदानं दाखवावं लागतं. घरात असं काही असेल तर माणूस गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच बँकेला कळवा, लग्नाच्या तोंडावर नको.

२३ डिसेंबरला बँकेत गेलो. आधी सांगितलं गेलं की कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. दारव्ह्याच्या वकिलांनी सांगितलं की त्यासाठी अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत असं सगळं धरून चार-सहा महिने सहज जातात, आणि मे तर हातातून गेलाच समजा. मी पुन्हा बँकेत गेलो, शाखाधिकाऱ्यांसमोर बसलो आणि विचारलं, की वारसांमध्ये वाद नाही, रक्कम मोठी नाही, तर दुसरा मार्ग आहे का. होता. मायचा मृत्यूचा दाखला, वारसाच्या फेरफाराची नक्कल, सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणि पुढं कोणी दावा केला तर मी भरून देईन असं हमीपत्र, एवढ्यावर ते प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवायला तयार झाले. हा मार्ग पहिल्या दिवशी मला कोणी सांगितला नाही, विचारावा लागला. वडील २०१४ ला गेले, त्यांचाही दाखला लागला. बाईच्या मालमत्तेत मुलांबरोबर नवराही वारस असतो, म्हणून तो हयात नाही हेही दाखवावं लागतं. त्या एका कागदासाठी माझी एक चक्कर वाया गेली.

खर्च म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बॉण्ड बंद झाला आहे, पाचशेचाच घ्यावा लागतो. संमतीपत्राला एक, हमीपत्राला एक, म्हणजे हजार रुपये. नोटरी आणि टायपिंगचे मिळून सहाशे. आणि दोन बहिणींचा गाडीखर्च, कारण दोघींनी शाखेत येऊन सह्या करायच्या होत्या.

खरा प्रश्न त्या सह्यांचाच होता.

तोवर माझ्या डोक्यात पाटल्या माझ्या होत्या. मायजवळ मी राहिलो, तिचं दुखणं मी काढलं, व्याज मी भरलं, म्हणून माझ्या. संमतीपत्राचा मसुदा वाचताना वकिलांनी सरळ सांगितलं, "काका, १९५६ च्या वारसा कायद्यानं तुमच्या आईच्या सोन्यात तुम्हा तिघांचा सारखा हिस्सा आहे. तुम्ही देताय त्यातला एक हिस्साच तुमचा." घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. लेकीला हो म्हणताना मी दोन बहिणींना विचारलं नव्हतं.

मोठी ताई कारंज्याला असते, धाकटी बेबी वरोऱ्याला. मी फोनवर बोललो नाही, दोघींकडे जाऊन बोललो. ताईनं चहा होईपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दे बापा, तिच्याच हातात शोभतीन." बेबीकडे मात्र मी तासभर बसलो तरी तिनं हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. जेवण वाढलं, पोरांचं विचारलं. निघताना दारात उभं राहून म्हणाली, "भाऊ, मले हिस्सा नको. पण तू मांडवात बोलशीन तं मायनं त्या पाटल्या कायकायसाठी गहाण टाकल्या, ते सांगजो. नुसती आजीची आठवण म्हणून देऊ नको."

मी मांडवात काही बोलेन असं तोवर ठरलंच नव्हतं. बेबीनं ते ठरवलं.

दोघी २० जानेवारीला आल्या, सह्या झाल्या, प्रस्ताव गेला. मग वाट पाहणं. दर सोमवारी फोन करायचो, "वरून आलं नाही" असं उत्तर. मी पोहोच घेतली होती, तारखेसकट, शिक्क्यासकट. तिच्या आधारानं दोनदा लेखी स्मरणपत्र दिलं. २४ मार्चला मंजुरी आली. मुद्दल ९०,०००, व्याज ६,३६९ आणि नोटिशीचा खर्च ७००, एकूण ९७,०६९ रुपये. घरात कापूस ठेवलेला होता, त्यातला १४ क्विंटल फेब्रुवारीत सीसीआयच्या केंद्रावर नेला. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. माझ्या कापसात ओलावा ९ टक्के निघाला आणि आठच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते, म्हणून ७,४४६ च्या भावानं १,०४,२४४ रुपये खात्यात आले.

२७ मार्चला पाटल्या हातात आल्या. कापडी पिशवीचं सील माझ्यासमोर तोडलं. इथं एक गोष्ट नक्की करा. सोडवताना काउंटरवरच वजन करून घ्या आणि गहाणपत्रावरच्या वजनाशी ताडून पाहा, बाहेर गेल्यावर बोलून उपयोग नाही. गहाणपत्रावर ३३.४२० ग्रॅम होतं, काट्यावरही तेवढंच आलं. मी सही केली आणि पाटल्या खिशात न ठेवता हातात धरूनच गाडीपर्यंत आलो.

मायच्या लोखंडी पेटीत पाटल्यांची जुनी पावती होती, १९७८ ची. सराफाच्या हातची, तिच्यावर 'पाटली जोड, ३ तोळे'. आता आपण तोळा म्हणजे दहा ग्रॅम म्हणतो. त्या हिशोबानं तीन तोळे म्हणजे ३० ग्रॅम आणि पाटल्या भरल्या ३३.४२. मी चक्रावलो, सोनं वाढलं कसं? दारव्ह्याच्या म्हाताऱ्या सराफकाकांनी पावती चष्म्याजवळ नेली आणि सांगितलं, की हा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे पाटल्या घडवल्या तेव्हा ३४.९९ ग्रॅमच्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांत १.५७ ग्रॅम झिजल्या.

मग त्यांनी पाटलीची आतली बाजू भिंगाखाली दाखवली. तिथं सांध्याजवळ एक सपाट, गुळगुळीत जागा होती, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. दुसऱ्या पाटलीलाही तशीच. ते म्हणाले, "ही कसोटीची जागा. पूर्वी मशीन नव्हती. जितक्यांदा गहाण ठेवली, तितक्यांदा सावकारानं न् सराफानं दगडावर घासून कस पाहिला. चांगला माणूस बाहेरची नक्षी खराब करत नाही, आतूनच घासतो." बाकीची झीज मायच्या हाताची. रोजचं निंदण, शेण, भांडी, आणि दोन पाटल्या एकमेकींवर आपटणं. किती दगडानं खाल्लं आणि किती कामानं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण ती जागा मी बोटानं चाचपली तेव्हा बेबी काय म्हणत होती ते मला कळलं.

सराफकाकांनी पाटल्या आटवून नवीन घडवायचंही सुचवलं. नव्या दागिन्यावर हॉलमार्क येतो, सहा अक्षरी-अंकी क्रमांक येतो, पुढं मोडताना त्रास होत नाही, हे सगळं खरं आहे. पण जुन्या पाटलीत टाके असतात, आटवल्यावर घट येते, वर घडणावळ. शिवाय ती घासलेली जागा गेली असती. मी पॉलिशही करू दिलं नाही, कारण पॉलिशमध्येही थोडं सोनं जातंच. घरी कोमट पाण्यात रिठे भिजवून त्यात तासभर ठेवल्या, मऊ ब्रशनं घासल्या, झालं.

एप्रिलमध्ये लिहायला बसलो. पहिला कागद चार पानांचा झाला. मायचा जन्म, तिचं लग्न, दुष्काळ, आमची शिक्षणं, सगळं आलं. मुलानं मोबाइलवर वेळ लावली, अकरा मिनिटं भरली. तो म्हणाला, "बाबा, लोक जेवायले उठून जातीन." मग मी एक नियम केला, की जे पाटलीनं पाहिलं तेवढंच ठेवायचं. आजीचं सगळं आयुष्य सांगायचं नाही. त्यानं दोन पानं गेली. नंतर किंमत काढली, कारण समोर व्याही बसलेले असणार, आकडा ऐकला की ऐकणाऱ्याचं मन बाजारभावाकडे जातं. पूर्ण वजनही काढलं. झिजलेलं तेवढं ठेवलं. सात-आठ दिवस रोज रात्री गोठ्यात जाऊन मोठ्यानं वाचायचो. जिथं गळा दाटायचा तिथलं वाक्य लहान करत गेलो. लांब वाक्य मध्येच तुटलं तर पुन्हा जोडता येत नाही, लहान वाक्यानंतर थांबता येतं.

बोलायचं कधी, हाही प्रश्न होता. आमच्याकडे मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या की माणसं पंगतीकडे धावतात, डीजे सुरू होतो. बिदाईच्या वेळी बोलावं तर कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. आमच्या महाराजांशी बोलून ठरवलं, की कन्यादान आणि सप्तपदी झाली की लगेच. तेव्हा जवळचीच साठ-सत्तर माणसं बसलेली असतात, तीच मला हवी होती. माइकवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, की त्या वेळी तारेचा माइक दे, बिनतारी नको, आणि पाच मिनिटं गाणं बंद. व्याह्यांनाही आठ दिवस आधी फोन करून कल्पना दिली. ऐनवेळी मांडवात सोनं निघालं की पाहुण्यांनाही अवघडल्यासारखं होतं.

एक अडचण ताईच्या लक्षात आली, माझ्या आलीच नसती. मायचा हात मोठा, पाटल्या २.६ च्या. लेकीला २.४ ची बांगडी लागते. पाटली हातात गेली असती, पण हिरव्या चुड्याच्या पुढं आली की खाली हात करताच निसटली असती. ताईनं चुडा भरताना कासारणीला सांगून दोन्ही हातांच्या दोन-दोन हिरव्या बांगड्या बाजूला ठेवल्या. आधी पाटली घालायची, मग तिच्या पुढं या दोन घट्ट बांगड्या चढवायच्या.

त्या दिवशी मुहूर्त ११:४० चा होता, लग्न लागलं एकला. ऊन चांगलंच तापलेलं. सप्तपदी होईस्तोवर अडीच वाजले. बाहेर आलू-वांग्याच्या भाजीची दुसरी पंगत बसली होती. मी उभा राहिलो, कागद हातात धरला. अक्षरं मोठी लिहिली होती, दोन ओळींत अंतर सोडून, तरी हात थरथरत होता. जे बोललो ते असं:

"बाई, या तुह्या आजीच्या पाटल्या. तुह्या आजोबानं १९७८ च्या कापसाच्या चुकाऱ्यातून केल्या. मायच्या अंगावर हे एवढंच सोनं होतं, अन् तेही वर्षभर कधी राहिलं नाही.

जून आला का पाटल्या बियाण्यासाठी गहाण पडत. दिवाळीनंतर कापूस निघाला का घरी येत. त्या गहाण पडल्या तवा मी आयटीआय शिकलो. त्या गहाण पडल्या तवा मोठ्या ताईचं लग्न झालं. बेबीच्या बाळंतपणात तिले यवतमाळले न्यायचं होतं, रातच्या दोन वाजता मायनं पाटल्या काढून शेजारच्या काकाच्या हातात देल्या न् म्हणाली, आधी गाडी आणा. विहिरीवरची मोटर याच पाटल्यांची. शेवटची पेरणीही.

यायच्या आतल्या बाजूले हात लावून पाय. तिथं घासलेलं हाय. दर वेळी कोणीतरी सोनं खरं हाय का म्हणून पाहिलं. दीड ग्रॅम सोनं कमी भरलं. ते कुठं गेलं, मी तुले आता सांगतलं.

अन् एक गोष्ट. या पाटल्या मी देऊन नाही राहिलो. मायच्या सोन्यावर आमचा तिघायचा सारखा हक्क होता. तुह्या दोन्ही आत्यायनं आपला हिस्सा तुले देला. म्हणून आम्ही तिघं देऊन राहिलो.

आजपासून या तुह्या. माह्या नाही, जावईबापूच्या नाही, त्यायच्या घराच्याही नाही. जपून ठेवजो. पण तुह्यावर वेळ आली न् गहाण टाकाव्या लागल्या, तं लाजू नको. मायले कधी लाज वाटली नाही. फक्त पावती तुह्या नावाची घेजो, अन् सोडवून आणजो."

'रातच्या दोन वाजता'ला मी थांबलो. ते वाक्य मी लहान केलं होतं, गोठ्यात वीस वेळा म्हटलं होतं, तरी थांबलो. कोणी काही बोललं नाही. बेबी खाली पाहत होती, तिच्या बाजूला तोच मुलगा बसला होता, आता बावीस वर्षांचा. मी पाणी प्यालो आणि पुढं वाचलं. आपण थांबलो तर लोक थांबतात, तेवढ्यासाठी घाबरून भरभर वाचायची गरज नसते.

पाटल्या मी घातल्या. डावी सहज गेली, उजवी अंगठ्याच्या सांध्यावर अडली, कारण सकाळपासून हळद, उष्णता आणि उपासानं हात सुजला होता. ताईनं पदरातून तेलाची बाटली काढली. पाटल्या बसल्यावर डाव्या हातात पुढच्या दोन हिरव्या बांगड्या ताईनं चढवल्या, उजव्या हातात बेबीनं. बेबीनं बांगडी चढवण्याआधी पाटली थोडी फिरवली आणि आतली जागा बोटानं शोधली. लेकीनंही मग तिथंच बोट ठेवलं.

संध्याकाळी बिदाईच्या आधी एक कागद राहिला होता. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी लिहून ठेवावी असं हुंडाबंदी कायद्याच्या १९८५ च्या नियमांत आहे. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वर दोघांची सही. आमच्या भागात ती कोणी करत नाही, मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मी व्याह्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांनी मनावर घेतलं नाही, उलट त्यांच्याकडच्या दागिन्यांचीही माहिती लिहून दिली. दोन प्रती केल्या, एक लेकीच्या पर्समध्ये, एक मायच्या पेटीत, जुन्या पावतीसोबत.

पहिल्या ओळीत मी लिहिलं, 'सोन्याच्या पाटल्या, एक जोड, वजन ३३.४२० ग्रॅम, जुन्या घडणीच्या.' देणाऱ्याच्या नावाचा रकाना लहान होता. तीन नावं बारीक अक्षरांत बसवली, आणि नात्याच्या रकान्यात त्याच क्रमानं लिहिलं: आत्या, आत्या, वडील.